एरियाची हद्द तालुक्यावर आखू नका: मोडनिंबच्या राउटरवरून ओएसपीएफचं वाचन

ओएसपीएफच्या कुठल्याही नोट्स उघडा, दोन वाक्यं हमखास भेटतात. एक, "एका एरियात ५०पेक्षा जास्त राउटर ठेवू नयेत." दुसरं, "राउटर आयडीसाठी लूपबॅकचा पत्ता घ्यावा, कारण लूपबॅक कधी डाउन होत नाही." परीक्षेत आणि मुलाखतीत ही वाक्यं बिनबोभाट चालतात. संशोधनात चालत नाहीत. पहिल्याच वर्षी गाइडनी मला विचारलं, "हे पन्नास आलं कुठून?" आणि मी गप्प. या लेखात मी या दोन वाक्यांची उलटतपासणी करणार आहे. माझं म्हणणं असं की पहिलं वाक्य चुकीचा प्रश्न विचारतं आणि दुसरं बरोबर उत्तराला अर्धवट कारण देतं.

आधी एवढं लक्षात असू द्या. ओएसपीएफमध्ये प्रत्येक राउटर "माझे शेजारी हे आणि त्यांच्यापर्यंतची कॉस्ट ही" असं एक पत्रक काढतो. त्याला एलएसए म्हणतात. हे पत्रक एरियातल्या प्रत्येक राउटरकडे जसंच्या तसं पोचतं, आणि मग प्रत्येक जण स्वतःपुरता पूर्ण नकाशा मांडून सर्वांत स्वस्त वाट काढतो. जाळं मोठं झालं की त्याचे एरिया पाडतात. एरियाच्या आतला नकाशा बाहेर जात नाही. हद्दीवरचा राउटर, म्हणजे एबीआर, बाहेरच्यांना फक्त "अमुक पत्ते माझ्याकडून एवढ्या कॉस्टवर मिळतील" असा सारांश देतो. सगळे एरिया एरिया ०ला, म्हणजे बॅकबोनला, जोडलेले असावे लागतात.

पन्नासचा आकडा

ओएसपीएफ आवृत्ती २चं मूळ दस्तऐवज म्हणजे जॉन मॉय यांचं आरएफसी २३२८, एप्रिल १९९८. ते पूर्ण वाचा. एका एरियात किती राउटर असावेत याचा आकडा त्यात नाही. आकड्यांची थोडी चर्चा त्याआधीच्या आरएफसी १२४५मध्ये आहे, जुलै १९९१ची. तिथे स्टीव्ह डीअरिंग यांच्या मोजणीवरून अंदाज बांधलाय: १० मिप्सच्या यंत्रावर २०० राउटरांच्या जाळ्याची वाट काढायला साधारण १५ मिलिसेकंद. म्हणजे पस्तीसेक वर्षांपूर्वीच्या यंत्रालासुद्धा २०० राउटरांचं गणित जड नव्हतं. मग "सीपीयूवर ताण येतो म्हणून एरिया पाडा" हे कारण आज किती टिकतं?

खरं कारण वेगळं आहे. गावातली एक लिंक विजेच्या लपंडावामुळे सारखी पडते-उठते असं समजा. दर वेळी तिच्या दोन्ही टोकांचे राउटर नवं एलएसए काढतात, ते एरियातल्या प्रत्येकाकडे पोचतं आणि प्रत्येक जण पुन्हा गणित करतो. एरिया पाडल्याने हा गोंधळ एका कुंपणात राहतो. एरिया म्हणजे बिघाडाला घातलेलं कुंपण. पण कुंपण घातलं की पलीकडचं दिसत नाही, हीही त्याचीच किंमत. म्हणून प्रश्न "राउटर किती?" हा नाही. प्रश्न आहे, "कुंपण कुठून न्यायचं?"

मोडनिंब

राज्याची जाळी साधारणपणे राज्य, जिल्हा, तालुका अशा उतरंडीवर कल्पिली जातात. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत "एक तालुका, एक एरिया" हा आराखडा फार वेळा दिसतो. कागदावर तो नीटनेटका वाटतो. तो कुठे फसतो हे पाहायला सोलापूर जिल्ह्यातलं मोडनिंब फार सोयीचं आहे.

महसुलाच्या नकाशावर मोडनिंब माढा तालुक्यातलं एक गाव. प्रत्यक्षात मात्र ते तिठ्याचौकाचं ठिकाण आहे. पुणे-सोलापूर महामार्ग टेंभुर्णीकडून येतो आणि मोडनिंबवरून मोहोळकडे जातो. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी रेल्वेही मोडनिंबवरून जाते. बार्शी लाइट रेल्वेची ही अरुंद रूळांची वाट १९०६ साली पंढरपूरला पोचली, आता ती रुंद झाली आहे. शिवाय मुंबई-सोलापूर मुख्य रेल्वेमार्ग कुर्डुवाडी, माढा, मोहोळ असा जातो. केबल सहसा रस्त्याच्या आणि रुळाच्या कडेनेच टाकतात. तेव्हा या वाटांवरून लिंक टाकल्या तर जाळं कसं दिसेल, हे मी लॅपटॉपवर एफआरआर चालवून मांडलं. हे खऱ्या कुणाच्या जाळ्याचं चित्र नाही. भूगोल खरा आहे, कॉस्ट मी ठरवलेल्या आहेत.

```
सोलापूर   - मोहोळ      10
मोहोळ     - माढा       10
माढा      - कुर्डुवाडी   10
कुर्डुवाडी  - मोडनिंब    10
मोडनिंब   - मोहोळ      15
मोडनिंब   - टेंभुर्णी     10
मोडनिंब   - पंढरपूर     10
मोहोळ     - पंढरपूर     20
```

आता तालुक्याप्रमाणे एरिया पाडू. सोलापूर-मोहोळ ही लिंक एरिया ०. माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, मोडनिंब ही सगळी माढा तालुक्यातली, म्हणून त्यांच्या आपसातल्या आणि मोहोळला जोडणाऱ्या लिंक एरिया १. पंढरपूरला जाणाऱ्या दोन्ही लिंक एरिया २. मोहोळ तिन्ही एरियांत आहे, तो रीतसर एबीआर. मोडनिंबचं काय? त्याचा एक पाय एरिया १मध्ये, दुसरा एरिया २मध्ये, आणि एरिया ०मध्ये एकही नाही.

कुर्डुवाडीहून पंढरपूरला पॅकेट पाठवा. पोरालाही दिसतं की मोडनिंबवरून जावं, कॉस्ट १० अधिक १०, म्हणजे २०. पण `traceroute` माढा, मोहोळ, पंढरपूर अशी वाट दाखवतो. कॉस्ट ४०. कारण एफआरआरच्या मूळ सेटिंगमध्ये बॅकबोनशी जिवंत संबंध नसलेला राउटर एबीआर मानला जात नाही. मोडनिंबला दोन्ही बाजू दिसतात, पण एकीकडची बातमी दुसरीकडे सांगायचा अधिकार त्याला नाही. पंढरपूरचा सारांश एरिया १ला देणारा एकटा मोहोळ. कुर्डुवाडी मोहोळपर्यंतची स्वस्त वाट शोधते (माढ्यावरून २०, मोडनिंबवरून २५) आणि तिकडून पुढचे २० मोजते.

दुप्पट कॉस्ट एकवेळ सोसता येईल. पुढचं सोसण्यासारखं नाही. मोहोळचा राउटर बंद करा. हॅलो १० सेकंदांनी आणि डेड इंटरव्हल ४० सेकंदांचा धरला, तर जास्तीत जास्त ४० सेकंदांत शेजाऱ्यांना कळतं. मग कुर्डुवाडीहून पंढरपूर पूर्ण बंद होतं. केबल शाबूत आहे. मोडनिंबवर बसून कुर्डुवाडीला पिंग करा, उत्तर येतं. पंढरपूरला करा, येतं. पण ते दोघं एकमेकांना दिसत नाहीत. तार जोडलेली आहे, कुंपणाने तोडली.

एकच आराखडा, दोन वाचनं

इथे आरएफसी २३२८वरही टीका करायला जागा आहे. त्यात एबीआरची व्याख्या "एकापेक्षा जास्त एरियांना जोडलेला राउटर" एवढीच आहे, बॅकबोनची अट व्याख्येत नाही. त्या व्याख्येने मोडनिंब एबीआर ठरतो. पण त्याच दस्तऐवजाच्या १६.२ या भागात म्हटलंय की अनेक एरियांत असलेल्या राउटरने फक्त बॅकबोनमधले सारांश विचारात घ्यावेत. मोडनिंबकडे बॅकबोनच नाही. म्हणजे सोलापूरचा सारांश त्याच्या हातात पडूनही तो वापरायचा नाही.

एफआरआरला शब्दशः आरएफसीप्रमाणे वागायला सांगता येतं:

```
router ospf
 ospf abr-type standard
```

हे मोडनिंबवर लावलं की कुर्डुवाडी-पंढरपूर सुधारतं, २०वर येतं, कारण आता मोडनिंब एबीआर म्हणून सारांश देतो. पण टेंभुर्णीचा सोलापूरशी संबंध तुटतो. टेंभुर्णी साधा राउटर, तो मोहोळच्या सारांशावर विश्वास ठेवून पॅकेट मोडनिंबकडे देतो, आणि मोडनिंबकडे सोलापूरची वाटच नसल्याने पॅकेट तिथेच मरतं. टेंभुर्णीच्या रूट टेबलात सोलापूर व्यवस्थित दिसत असतं, म्हणून हा बिघाड शोधताना माणूस चुकीच्या गावात शोधत बसतो. खूण एकच: `traceroute` मोडनिंबवर थांबतो.

हा घोळ माहीत नव्हता असं नाही. एप्रिल २००३च्या आरएफसी ३५०९मध्ये झिनिन, लिंडेम आणि युंग यांनी नेमका हाच प्रश्न मांडला आणि सिस्को व आयबीएमच्या राउटरांची वेगळी वागणूक नोंदवली. प्रबंधात "ओएसपीएफचं सिम्युलेशन केलं" एवढंच लिहिलं तर परीक्षकाने विचारायला हवं, "कुठल्या व्याख्येचा एबीआर?" कारण त्यावर निकाल बदलतो, आणि वर पाहिलंत की नुसता बदलत नाही, बिघाडाचं गावच बदलतं.

मलमपट्टी, आणि तिचा राउटर आयडीशी संबंध

पुस्तकी उपाय व्हर्च्युअल लिंकचा. मोडनिंब आणि मोहोळ यांच्यात एरिया १मधून बॅकबोनची एक काल्पनिक लिंक टाकायची. मोडनिंबवर असं लिहायचं, आणि मोहोळवर याचंच उलट:

```
router ospf
 area 1 virtual-link 10.255.0.2
```

लावलं की मोडनिंब बॅकबोनशी जोडला जातो, खरा एबीआर होतो, कुर्डुवाडी-पंढरपूर २०वर येतं आणि टेंभुर्णीही सुखी. पण वरच्या ओळीतला तो पत्ता नीट बघा. तो मोहोळच्या कुठल्या लिंकचा पत्ता नाही. तो मोहोळचा राउटर आयडी आहे. म्हणजे ही सगळी मलमपट्टी एका ३२ बिटी आकड्यावर टांगलेली आहे. तो बदलला की पट्टी सुटली.

तो बदलतो कसा? आरएफसी २३२८च्या क.१ या परिशिष्टात आयडी ठरवायची एक रीत सुचवली आहे: राउटरवरच्या पत्त्यांपैकी सर्वांत मोठा किंवा सर्वांत लहान पत्ता घ्या. माझ्या मते त्या दस्तऐवजातली ही सर्वांत महागात पडलेली सूचना. मी प्रयोगात मोहोळ आणि कुर्डुवाडी या दोन राउटरांना ऑफिसचं एकेक लॅन जोडलं. दोन्हीकडे पत्ता तोच, `192.168.1.1`, जसा अर्ध्या महाराष्ट्रातल्या ऑफिसांत असतो. बाकी सगळ्या लिंकचे पत्ते `10`ने सुरू होणारे. आयडी हाताने लिहिला नाही, लूपबॅकही दिला नाही. १९२ हा १०पेक्षा मोठा, म्हणून रिस्टार्टनंतर दोघांनी एकच आयडी निवडला. ते लॅन ओएसपीएफमध्ये घेतलेलंही नव्हतं, तरी.

दोघं थेट शेजारी असते तर शेजारच जमला नसता आणि चूक लगेच दिसली असती. इथे मध्ये माढा आहे. त्यामुळे सगळे शेजार `Full` दिसतात आणि आत मारामारी चालू. कुर्डुवाडीचं एलएसए मोहोळला पोचतं, मोहोळ म्हणतो "हे तर माझ्याच नावाचं, पण मी असं लिहिलं नाही", आणि क्रमांक एकाने वाढवून स्वतःचं काढतो. ते कुर्डुवाडीला पोचतं, तीही तेच करते. एरियातल्या सगळ्यांचा नकाशा दर काही सेकंदांनी उलटसुलट होतो. आणि अशा वेळी व्हर्च्युअल लिंक `10.255.0.2`ला शोधत बसलेली असते, जो आयडी आता कुणाचाच नाही.

ओळखायचं कसं? कुठल्याही तिसऱ्या राउटरवर हे चालवा:

```
show ip ospf database router
```

निरोगी जाळ्यात एलएसए बदल नसेल तर १८०० सेकंदांनी एकदा ताजं केलं जातं. म्हणजे दिवसाला ४८ वेळा. सुरुवातीचा क्रमांक `0x80000001` असेल तर एका दिवसाने तो `0x80000031`च्या आसपास हवा. एखाद्या आयडीचा क्रमांक त्याच्या कितीतरी पुढे पळालेला असेल आणि त्याचं वय कधीच काही सेकंदांच्या वर जात नसेल, तर दोन शक्यता: लिंक सतत पडते-उठते आहे, किंवा आयडी दोघांचा एकच आहे. त्या एलएसएमधल्या लिंक दोन-तीनदा वाचा. एकदा मोहोळच्या आणि एकदा कुर्डुवाडीच्या दिसल्या, की दुसरी शक्यता.

इथे एरियाचा आणखी एक गुण-दोष कळतो. हे दोघं वेगवेगळ्या एरियांत असते आणि दोघंही आतले साधे राउटर असते, तर ही मारामारी झालीच नसती, कारण राउटरचं एलएसए एरियाबाहेर जात नाही. चूक झाकून राहते, आणि एक दिवस कुणी एरिया जोडतो किंवा त्यांतल्या एकाला एबीआर करतो तेव्हा उघडी पडते.

लूपबॅक नेमकं काय देतो

नोट्समध्ये लिहितात की इंटरफेस डाउन झाला की राउटर आयडी बदलतो. तसं लगेच होत नाही. चालू प्रक्रिया सहसा आहे तोच आयडी धरून ठेवते. निवड पुन्हा होते ती रिस्टार्टला. म्हणून हा बिघाड लिंक पडते त्या दिवशी दिसत नाही. तो महिन्याभराने वीज जाऊन राउटर परत चालू होतो तेव्हा दिसतो, आणि तोवर कारण विसरलेलं असतं. शिवाय जुन्या आयडीची एलएसए मागे राहिली तर ती एक तासापर्यंत, म्हणजे ३६०० सेकंद, इतरांच्या डेटाबेसमध्ये भुतासारखी राहतात. हे भूत वाट चुकवत नाही, कारण लिंक दोन्ही टोकांनी मान्य केली तरच ती गणितात घेतली जाते. पण डेटाबेस वाचणाऱ्या माणसाला ते नक्की चुकवतं.

आता प्रामाणिक प्रश्न: आयडी स्थिर ठेवायला लूपबॅक लागतोच का? नाही. `ospf router-id` असं हाताने लिहिलं की लूपबॅक नसतानाही आकडा स्थिर राहतो, कारण आयडी हा नुसता आकडा आहे. उलट नुसता लूपबॅक देऊन निवड राउटरवर सोडली, आणि पुढे कुणी त्याहून मोठ्या पत्त्याचा दुसरा लूपबॅक टाकला, तर पुढच्या रिस्टार्टला आयडी बदलेल. म्हणजे स्थिरता येते ती लिहून ठेवण्यातून.

लूपबॅक देतो ते दुसरंच. तो कुठल्याही तारेला बांधलेला नसल्याने, मोहोळची एकही लिंक जिवंत असेल तोवर त्या पत्त्यावर पिंग करता येतं, लॉगिन करता येतं. डेटाबेसमध्ये दिसणारा आयडी आणि पिंग करायचा पत्ता एकच असला की रात्री दोन वाजता भाषांतर करत बसावं लागत नाही. आणि एकच आकडा दोघांना जाण्याचा धोका पत्त्यांच्या वहीतच सापडतो, कारण `/32` पत्ते आपण एकेक वाटतो. म्हणून दोन्ही लिहा:

```
interface lo
 ip address 10.255.0.2/32
router ospf
 ospf router-id 10.255.0.2
 network 10.255.0.2/32 area 0
```

शेवटची ओळ विसरली तर आयडी बरोबर येईल, पण त्याला पिंग होणार नाही. एक सावधगिरी वाचनाची: आरएफसी २३२८मध्ये "लूपबॅक" हा शब्द येतो तो इंटरफेसच्या एका अवस्थेचं नाव म्हणून, म्हणजे तपासणीसाठी स्वतःकडेच वळवलेला इंटरफेस. तो एकाच पत्त्याची वाट म्हणून जाहीर करावा असं तिथे म्हटलंय. आपल्या कायम जिवंत लूपबॅकला राउटर बनवणाऱ्यांनी तोच नियम लावला. "आरएफसीने राउटर आयडीसाठी लूपबॅक सांगितलाय" असं लिहू नका, तसं तिथे नाही.

मग कुंपण कुठून?

व्हर्च्युअल लिंक स्थिर आयडीवर बांधली तरी मोहोळ बंद पडला की तिचं दुसरं टोकच जातं. मोडनिंब पुन्हा बॅकबोनबाहेर, कुर्डुवाडी-पंढरपूर पुन्हा बंद. मूळ चूक कुंपणाची आहे.

मी दुसरा आराखडा केला. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, मोडनिंब, पंढरपूर यांना जोडणाऱ्या सगळ्या लिंक एरिया ०. प्रत्येक नाक्याखालची गावं त्या नाक्याचा एरिया. मोडनिंबखाली १६ गावं धरली, प्रत्येकाला एक `/24`, सगळी `10.21.0.0/20`मध्ये बसतील अशी. मोडनिंबवर एक ओळ:

```
router ospf
 area 21 range 10.21.0.0/20
```

या ओळीशिवाय १६ सारांश बॅकबोनवर जातात आणि एका गावाची वीज गेली की त्यातला एक मागे घेतल्याची बातमी सगळीकडे फिरते. ओळ लिहिली की एकच सारांश जातो, आणि एखाद्या गावाची लिंक दिवसभर फडफडली तरी पंढरपूरला पत्ता लागत नाही. किंमत ही की बंद गावाकडे निघालेलं पॅकेट मोडनिंबपर्यंत येऊन तिथे टाकलं जातं. ती मला परवडते.

मोहोळ बंद केला. कुर्डुवाडी-पंढरपूर मोडनिंबवरून चालू राहिलं, कॉस्ट २०. सोलापूर मात्र तुटलं, कारण त्याची एकच तार मोहोळला आहे. हे एरियाने सुटत नाही. त्याला पंढरपूरकडून दुसरी केबलच लागते.

एफआरआर असेल तर हे सात राउटर एका संध्याकाळी उभे राहतात. आधी तालुक्याचा आराखडा लावा, मोहोळ बंद करा, आणि मोडनिंबवर बसून दोन्हीकडे पिंग करून बघा. मग `abr-type` बदला आणि तोच प्रयोग टेंभुर्णीवरून करा.